कोडीनचं खोकल्याचं औषध लहान मुलाला : अर्धा चमचा तरी चालतो का?

मृण्मयी_ठाणे
मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन १४ किलो. रात्री खूप घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो आणि दचकून कूस बदलतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढायला सांगितलंय, पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय. त्यात आता चार दिवसांपासून कोरडा खोकला सुरू झालाय. रात्री कुणालाच झोप नाही.

सासूबाईंकडे त्यांच्या खोकल्यासाठी दिलेली सिरपची बाटली आहे. लेबल वाचलं तर ५ मिलीत कोडीन फॉस्फेट १० मिग्रॅ आणि क्लोरफेनिरामिन ४ मिग्रॅ असं लिहिलंय. त्या म्हणतात, "अर्धा चमचा दे, खोकला थांबेल आणि पोरगं गाढ झोपेल." मी अजून दिलेलं नाही. पण खरंच प्रश्न पडलाय. मोठ्या माणसाचं औषध वजनाच्या हिशेबाने कमी करून दिलं तर अडचण कुठे येते? पॅरासिटामॉल आपण तसंच देतो ना?

नाना_साताऱ्याचे
आम्ही सगळे भाऊ-बहिणी या औषधांवर वाढलो. आई चमचाभर द्यायची आणि आम्ही सकाळपर्यंत घोरत पडायचो. काही झालं नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीची भीती घालायची पद्धत पडलीय. डॉक्टरला एक फोन करा आणि अर्धा चमचा द्या, उगाच गूगल करत बसू नका.

रेवती_प
नाना, डॉक्टरांना फोन करा हे बरोबर. फोन करून त्यांनी 'नको' म्हटलं तर?

नाशिकची_भूलतज्ज्ञ
मृण्मयी, देऊ नका. अर्धा चमचा नको आणि पाव चमचाही नको. कारण जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे.

पॅरासिटामॉल जसं पोटात जातं तसंच काम करतं, म्हणून वजनावर डोस ठरवता येतो. कोडीनचं तसं नाही. कोडीन स्वतः बरंच दुबळं औषध आहे. यकृतातलं सीवायपी-टू-डी-सिक्स नावाचं विकर त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फीन करतं आणि जो काही जोरकस परिणाम दिसतो तो मुख्यतः त्या मॉर्फीनचा. बहुतेकांच्या शरीरात हा भाग दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो. काही जणांकडे मात्र या विकराच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात. त्यांच्याकडे तेवढ्याच चमच्यातून जास्त मॉर्फीन तयार होतं आणि लवकर होतं. काही जणांकडे हे विकर जवळजवळ चालतच नाही, त्यांना कोडीन घेऊन फारसा फरकच पडत नाही.

म्हणजे बाटलीत १० मिग्रॅ लिहिलंय, पण मुलाच्या रक्तात मॉर्फीन किती उतरणार हे त्या लेबलवर कुठेच नसतं. तुम्ही चमचा अर्धा केलात तरी ज्या आकड्याचा अर्धा करायचा तो आकडाच तुम्हाला माहीत नाही.

आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत घोरणं आणि श्वास अडकणं ही वेगळी, मोठी अडचण आहे. त्यावर पुढे लिहिते, आत्ता ओटीत जायचंय.

पुष्कर_पुणे
याला दुजोरा. फक्त एक दुरुस्ती. धोका हळू पचवणाऱ्यांना असतो. औषध बाहेर पडत नाही, अंगात साचत जातं आणि विषबाधा होते. फार्मसीच्या पहिल्या वर्षात आम्हाला हेच शिकवलं होतं. वेगाने पचवणाऱ्याचं औषध उलट लवकर संपतं, म्हणजे तो जास्त सुरक्षित.

नाशिकची_भूलतज्ज्ञ
पुष्कर, बहुतेक औषधांना तुमचा नियम लागू पडतो. खोकल्याच्याच दुसऱ्या औषधाचं, डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं उदाहरण घ्या. तेही हेच विकर फोडतं आणि तिथे हळू पचवणाऱ्याच्या अंगात ते जास्त वेळ राहतं. कोडीनमध्ये गणित उलटं आहे, कारण इथे पचवणं म्हणजे औषध निकामी करणं नाही. इथे पचवूनच जोरदार औषध तयार होतं. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलचंही थोडं असंच आहे, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दोघांबद्दल एकत्रच इशारा दिला.

पुष्कर_पुणे
पटलं. हे माझ्या डोक्यात कायम एकाच दिशेने बसलं होतं.

कल्पक_नागपूर
कफ सिरपमुळे छिंदवाड्याची मुलं गेली ती हीच गोष्ट ना? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यातली बरीच मुलं इथे नागपूरला उपचारांसाठी आणली होती. आमच्या ओळखीच्या एक परिचारिका त्या वॉर्डात होत्या. त्या दिवसांबद्दल त्या अजून बोलत नाहीत.

रेवती_प
नाही कल्पक, ती वेगळी गोष्ट. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं, तो भेसळीचा विषय आणि त्यात मुलांची मूत्रपिंडं गेली. कोडीनमध्ये औषध अगदी शुद्ध, प्रमाणात आणि बाटलीवर लिहिल्याबरहुकूम असतं, तरीही मूल दगावू शकतं. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की लोकांना वाटतं, चांगल्या कंपनीचं घेतलं की काम झालं.

कल्पक_नागपूर
बरोबर आहे तुमचं. तरी इथल्या आयांना आता कुठलंच सिरप नको वाटतं, तेही समजून घ्या.

अनघा_लीड्स
इथे इंग्लंडमध्ये कोडीन लिंक्टस हे खोकल्याचं सिरप इतकी वर्षं केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळायचं. २०२४ मध्ये ते फक्त प्रिस्क्रिप्शनवर केलं. त्यामागे व्यसनाचं कारण जास्त होतं. लहान मुलांच्या बाबतीत युरोपने आधीच ठरवलं होतं. २०१३ मध्ये दुखण्यासाठी आणि २०१५ मध्ये खोकल्या-सर्दीसाठी, दोन्हीकडे बारा वर्षांखाली कोडीन नको.

आईला मी फोनवर सांगते तर ती म्हणते, "तिकडच्या मुलांचं वेगळं असेल."

बाबूराव_मालवण
सासूबाईंची बाटली असो नाहीतर सरकारची, माझ्या खोकल्यावर एकच उपाय, गरम पाणी आणि बायकोचा ओरडा. दोन्ही मोफत.

नाशिकची_भूलतज्ज्ञ
परत आले. आता घोरण्याबद्दल. एक प्रकरण सांगते, ते २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं होतं. आमच्या क्षेत्रात बहुतेकांना ते माहीत आहे.

कॅनडातला दोन वर्षांचा मुलगा. वजन १३ किलो. घोरायचा आणि झोपेत त्याचा श्वास थांबायचा, निद्राचाचणीत तसं निदान झालेलं. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले, त्याच दिवशी घरी सोडलं. दुखण्यासाठी सिरप दिलं, प्रत्येक वेळी १० ते साडेबारा मिग्रॅ कोडीन, सोबत पॅरासिटामॉल, दर चार ते सहा तासांनी. वजनाच्या हिशेबाने हा डोस त्या काळच्या पुस्तकात बसणारा होता. म्हणजे आईने मोजण्यात चूक केली, केमिस्टने चुकीची बाटली दिली, असं काहीही घडलेलं नाही. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री ताप आला, छातीत घरघर सुरू झाली. सकाळी मुलगा मृत सापडला.

रक्तात मॉर्फीन मिलिलिटरला ३२ नॅनोग्राम निघालं. मुलांमध्ये २० च्या पुढे श्वास मंदावण्याची भीती धरतात. जनुकांची तपासणी केली तर तो वेगाने पचवणाऱ्यांपैकी निघाला.

आता मृण्मयींच्या बाटलीकडे बघा. ५ मिलीत १० मिग्रॅ. म्हणजे एक पूर्ण चमचा त्या मुलाच्या एका डोसइतकाच. अर्धा चमचा त्याच्या निम्मा, पण त्यात क्लोरफेनिरामिनही आहे आणि ते स्वतः गुंगी आणतं. शिवाय खोकला थांबला नाही तर चार तासांनी पुन्हा अर्धा, मग पुन्हा अर्धा. त्या मुलाचंही एकाच डोसने झालं नाही. डोस साचत गेले.

मृण्मयी_ठाणे
वाचून हातपाय गार पडले. हा तर जवळजवळ माझाच मुलगा झाला, वजनसुद्धा एक किलोनेच जास्त.

पण एक सांगाल का? घोरणाऱ्या मुलालाच जास्त धोका का? ऑपरेशन करून टॉन्सिल काढले की वाट मोकळी होते ना?

नाशिकची_भूलतज्ज्ञ
मोकळी होते, पण त्याच रात्री नाही. जखमेला सूज असते, रक्त-लाळ घशात असते, भुलीचा थोडा अंश शिल्लक असतो. पहिल्या काही रात्री झोपेतला अडथळा पूर्वीइतकाच राहू शकतो.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला श्वास घ्यायला लावतो तो मुख्यतः रक्तात वाढणारा कार्बन डायऑक्साइड. तो वाढला की मेंदू जोराने श्वास घ्यायला सांगतो, आणि झोपेत वाट बंद झाली तर मूल दचकून जागं होतं आणि श्वास सुरू होतो. तुम्ही लिहिलंत ना, 'दचकून कूस बदलतो'? तेच त्याला वाचवतंय. मॉर्फीन नेमकं तेच बोथट करतं. शिवाय महिनोन्महिने झोपेत ऑक्सिजन कमी पडत आलेल्या मुलांवर मॉर्फीनसारखी औषधं जास्त चढतात, आम्ही भूल देतानाही अशा मुलांना ती कमी देतो.

म्हणून सासूबाईंचं "गाढ झोपेल" हे वाक्य ऐकून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. या मुलाने गाढ झोपू नये अशीच परिस्थिती आहे.

नाना_साताऱ्याचे
डॉक्टरीणबाई, तुमचं सगळं मान्य. पण एका मुलाची गोष्ट छापून आली म्हणून सगळ्यांनी घाबरायचं का? कोट्यवधी मुलांनी घेतलं असेल.

नाशिकची_भूलतज्ज्ञ
एकच नाही, नाना. २०१२ मध्ये आणखी तीन मुलांची प्रकरणं पुढे आली, तीही टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरचीच. नंतर अमेरिकन औषध प्रशासनाने १९६९ ते २०१५ पर्यंतच्या नोंदी चाळल्या. अठरा वर्षांखालच्या मुलांमध्ये कोडीनमुळे श्वासाचा गंभीर त्रास झालेल्या ६४ नोंदी सापडल्या. त्यातल्या २४ मुलांचा मृत्यू झालेला, आणि त्या २४ पैकी २१ बारा वर्षांखालची. कोट्यवधींच्या मानाने हे थोडं वाटेल. पण या फक्त कळवल्या गेलेल्या घटना आहेत. रात्री गेलेल्या मुलाच्या रक्तातलं मॉर्फीन आपल्याकडे कोण मोजतं?

आणि हे सगळं कशासाठी? १९९३ मध्ये मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर कोडीन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि नुसतं गोड पाणी यांची तुलना करणारा एक छोटा अभ्यास झाला. तिन्ही गटांत खोकला जवळजवळ सारखाच कमी झाला. फायदा दिसत नसताना एक टक्का धोकासुद्धा मी पत्करणार नाही.

पुष्कर_पुणे
एक टक्क्यावरून आठवलं. हे वेगाने पचवणारे नक्की किती असतात? मी वाचलं त्याप्रमाणे उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व या भागांत प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जातं, पूर्व आशियात एक-दोन टक्के. आपल्याकडे कमीच सापडतात. मग भारतीय मुलांना हा धोका खरंच एवढा आहे का? हे प्रामाणिक शंका म्हणून विचारतोय.

रेवती_प
मला यात एकच गोष्ट खटकते. आपण सगळं जनुकांवर ढकलतोय. जर्मनीतल्या तीन वर्षांच्या जुळ्या भावांचं प्रकरण याच २००९ चं आहे. खोकल्यासाठी कोडीनचे थेंब दिले होते. दोघांनाही जबर विषबाधा झाली, एक वाचला नाही. त्यात थेंब मोजण्यातली गडबड हा मुद्दा होता. म्हणजे लहान मुलाला मारायला विशेष जनुकं लागतातच असं नाही. थेंब जाड पडले, चमचा मोठा होता, आजीनेही दिलं आणि आईनेही दिलं, एवढंही पुरतं.

आमच्या घरातला चहाचा चमचा मी एकदा सिरिंजने मोजला, साडेतीन मिली भरला. आत्याकडचा जवळजवळ सात. दोघी म्हणतात, "एक चमचा दिलं."

नाशिकची_भूलतज्ज्ञ
रेवतींनी अगदी मोलाची भर घातली. पुष्कर, हेच तुमच्या शंकेचं उत्तर. शंभरात एक मूल धरलं तरी ते मूल कोणतं हे आधी कळत नाही, आणि उरलेल्या नव्व्याण्णवांनाही लहान श्वासनलिका, सोबतचं गुंगीचं औषध आणि चुकलेला चमचा हे धोके असतातच. म्हणूनच नियम 'कमी द्या' असा न ठेवता 'बारा वर्षांखाली नको' असा ठेवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०११ मध्येच मुलांच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून कोडीन काढून टाकलं.

दुकानदार_इचलकरंजी
केमिस्ट म्हणून लिहितो. कोडीन शेड्यूल एच-वन मध्ये आहे. चिठ्ठी पाहिजे, आणि वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहून तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. बाटलीवर लाल चौकटीत इशारा असतो.

मृण्मयीताईंनी सांगितलेली जोडी, म्हणजे कोडीन आणि क्लोरफेनिरामिन, यावर केंद्राने २०१६ मध्ये बंदी घातली होती, ती कोर्टात टिकली नाही. मग २०२३ च्या जूनमध्ये चौदा औषधांच्या यादीत पुन्हा बंदी आली. तुमची बाटली कधीची आहे ते बघा. पण बंदी आली म्हणून कोडीन बाजारातून गेलं असं समजू नका, दुसऱ्या ॲलर्जीच्या औषधाबरोबर जोडून ते येतं.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकांना रोज सांगतो. एकाच नावाची चार-चार सिरपं असतात, शेवटी फक्त दोन इंग्रजी अक्षरं बदलतात. एकात कोडीन, एकात डेक्स्ट्रोमेथॉर्फन, एकात दम्याचं औषध. बॉक्सचा रंगही सारखाच. "मागच्या वेळचं तेच द्या" म्हणू नका. बाटली फिरवून बारीक अक्षरातली पहिली ओळ वाचा. 'कोडीन' दिसलं की मुलाच्या हातापासून लांब.

कल्पक_नागपूर
रजिस्टर खरंच सगळे लिहितात का हो?

दुकानदार_इचलकरंजी
मी लिहितो. सगळ्यांचं सांगू शकत नाही. सीमेवरून ही सिरपं बांगलादेशात तस्करीने जातात ती काही रजिस्टरमधून जात नाहीत.

शमा_दुबई
माझी थोडी वेगळी गोष्ट. बाळंतपणानंतर टाक्यांसाठी मला पॅरासिटामॉल-कोडीनच्या गोळ्या दिल्या होत्या. तेव्हा मी अंगावर पाजत होते. बाळ दुसऱ्या दिवसापासून खूप झोपायला लागलं, पाजायला उठवावं लागायचं. माझ्या आईने पाहिलं आणि म्हणाली, "हे झोपणं नाही, हे मलूल आहे." आम्ही गोळ्या बंद केल्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, दोन दिवसांत बाळ ताळ्यावर आलं. हे कोडीनमुळेच झालं असेल का?

नाशिकची_भूलतज्ज्ञ
असू शकतं, शमा, पण रक्ततपासणीशिवाय सांगता येणार नाही. तुमच्या आईची नजर मात्र फार चांगली.

यात एक प्रसिद्ध प्रकरण आहे. टोरांटोजवळचं तेरा दिवसांचं बाळ दगावलं, आई कोडीन घेत होती आणि ती वेगाने पचवणारी निघाली. हे २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. त्यानंतर जगभर दूध पाजणाऱ्या आईला कोडीन देणं कमी झालं.

अनघा_लीड्स
पण त्यावर नंतर बराच वाद झालाय ना? दुधातून एवढं मॉर्फीन बाळाच्या रक्तात पोचणं शक्यच नाही, असं कॅनडातल्याच तज्ज्ञांनी मांडलं. त्या प्रकरणावरचे काही लेख मागेही घेतले गेले, असं मी वाचलंय.

नाशिकची_भूलतज्ज्ञ
हो, वाद खरा आहे आणि त्यांच्या शंकांमध्ये तथ्य आहे. त्या एका बाळाचं काय झालं याबद्दल मी आज छातीठोक काही बोलणार नाही. तरीही पाजणाऱ्या आईला मी कोडीन देत नाही, कारण टाक्यांच्या दुखण्याला पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन बहुतेकदा पुरतात. अमेरिकेचा इशाराही तसाच आहे. टॉन्सिलच्या मुलांबद्दल मात्र असा वाद नाही.

विनय_वसई
माझं उलटं आहे. दाढ काढल्यावर कोडीनच्या गोळ्या घेतल्या, काहीही फरक नाही. दोन घेतल्या, तरी नाही. मी मग हळू पचवणारा का? आणि मला काहीच होत नाही तर माझ्या मुलीलाही होणार नाही असं धरायचं का?

नाशिकची_भूलतज्ज्ञ
दोन्हीला 'नाही' म्हणते. तुम्ही हळू पचवणारे असाल किंवा त्या वेळी तुम्ही दुसरी एखादी गोळी घेत असाल. नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिनसारख्या गोळ्या हे विकर बंद पाडतात, मग कोडीन लागू पडत नाही. डोस मात्र वाढवू नका. मॉर्फीन झालं नाही तरी कोडीन अंगात असतंच आणि मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी देतंच.

मुलीला अर्धी जनुकं तुमच्याकडून आणि अर्धी आईकडून. तुमच्यावरून तिचं काहीही ठरत नाही.

पुष्कर_पुणे
मोठ्या माणसांचं काय मग? माझे वडील ६५ चे आहेत, त्यांना खोकल्यासाठी हेच लिहून दिलंय.

नाशिकची_भूलतज्ज्ञ
मोठ्यांमध्ये सरसकट बंदी नाही, पण एक गोष्ट विचारा. ते अजून कोणती औषधं घेतात? २००४ मध्ये जिनिव्हातलं एक प्रकरण छापून आलं. ६२ वर्षांचे गृहस्थ, न्यूमोनिया, खोकल्यासाठी २५ मिग्रॅ कोडीन दिवसातून तीन वेळा. हा डोस अगदी साधा. पण सोबत क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचं व्होरिकोनाझोल चालू होतं. कोडीन बाहेर टाकायची जी दुसरी मोठी वाट यकृतात असते ती या दोघांनी बंद केली. त्यात गृहस्थ वेगाने पचवणारे, म्हणजे उरलेलं कोडीन मॉर्फीनच्या वाटेला लागलं. त्यात मूत्रपिंड मंदावलं आणि मॉर्फीनचे अवशेष बाहेर पडेनात. चौथ्या दिवशी ते हाका मारूनही उठेनात. मॉर्फीनवरचा उतारा, नॅलोक्सोन, दिल्यावर शुद्धीवर आले आणि वाचले.

वडिलांची मूत्रपिंडं कशी आहेत, अँटिबायोटिक कोणतं, झोपेची गोळी चालू आहे का, हे तीन प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

रेवती_प
एक काम करा ना डॉक्टर. चुकून कुणी दिलंच तर काय बघायचं ते लिहा. 'झोपाळू' हा शब्द फसवा आहे, खोकून दमलेलं मूल झोपाळूच असतं.

नाशिकची_भूलतज्ज्ञ
लिहिते. हलवलं, नावाने हाक मारली, पायाच्या तळव्याला टिचकी मारली की दमलेलं मूल कुरकुरतं, पाय ओढून घेतं, रडतं. मॉर्फीन चढलेलं मूल डोळे किलकिले करून पुन्हा जातं किंवा काहीच करत नाही. अंग सैल लागतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसू शकतात. नेहमीच्या घोरण्यापेक्षा वेगळा, जड, खरखरीत आवाज येतो आणि मध्ये लांब शांतता.

पोट उघडं करा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तीन-साडेतीन वर्षांचं मूल झोपेत साधारण वीस ते तीस श्वास घेतं. वीसच्या बरंच खाली गेलं, श्वास उथळ किंवा अनियमित वाटला, ओठ निळसर दिसले, मूल उठेना, यातलं काहीही एक पुरे. १०८ ला फोन करा आणि सिरपची बाटली सोबत न्या. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणं तिथेच सुरू करा. उलटी काढायला जाऊ नका, झोपाळलेल्या मुलाच्या फुप्फुसात जाईल. पुढचा डोस तर अर्थातच नाही.

इस्पितळात नॅलोक्सोन दिल्यावर मूल झटकन उठतं आणि घरच्यांना वाटतं, संपलं, घरी नेऊ. नेऊ नका. नॅलोक्सोनचा असर मॉर्फीनच्या आधी उतरतो आणि मूल पुन्हा झोपेत जाऊ शकतं. देखरेखीखाली ठेवावंच लागतं.

बाबूराव_मालवण
वर विनोद केला होता, पण हे मी वाचून काढलं आणि सुनेला पाठवलं. नातू दोन वर्षांचा आहे.

मृण्मयी_ठाणे
काल रात्री सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. दोन वर्षांच्या मुलाचं वाचलं तेव्हा त्यांनी स्वतःच बाटली उचलून वरच्या फळीवर, कुलपाच्या कपाटात ठेवली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांशीही बोलले. खोकला असताना ऑपरेशन करणार नाहीत, तारीख पुढे ढकलू म्हणाले. ऑपरेशननंतर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे आणि लागलं तर आयब्युप्रोफेन, कोडीन नाही आणि ट्रॅमाडॉलही नाही. पहिली रात्र इस्पितळातच ठेवायचं असं ठरलंय. खोकल्यासाठी आत्ता झोपताना चमचाभर मध आणि कोमट पाणी. मध एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये, हे मला माहीत होतं, वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

जनुकांची तपासणी आधीच करून घेऊ का, असंही विचारलं. ते म्हणाले, कोडीन द्यायचंच नाही तर कशाला.

दुकानदार_इचलकरंजी
पॅरासिटामॉलच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. थेंब वेगळे, १२५ चं सिरप वेगळं, २५० चं वेगळं. मिलीमध्ये नाही, मिलिग्रॅममध्ये विचारा आणि आमच्याकडून सिरिंज मागून घ्या.

विनय_वसई
शेवटचा प्रश्न. मुलगी चौदा वर्षांची आहे, पुढच्या आठवड्यात तिची दाढ काढायचीय. बारा वर्षांच्या वर आहे, मग चालेल ना? तशी अंगाने जाड आहे आणि घोरते, पण तपासणी कधी केलेली नाही.

नाशिकची_भूलतज्ज्ञ
नको, विनय. बारा ते अठरामध्ये वजन जास्त असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर कोडीन टाळायलाच सांगितलंय, आणि तुमच्या मुलीत त्यातल्या दोन शक्यता दिसतात. दंतवैद्यांना घोरण्याचं आधी सांगा, भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर नक्कीच सांगा. आणि दाढेच्या आधी एकदा घोरण्यासाठीही दाखवून घ्या.

विनय_वसई
उद्याच फोन करतो.